पाय अडकलेला, हात मोकळे: ऑपरेशननंतर पडून असलेल्या मुलासाठी काय न्यावं, काय खेळावं

दिवाळीच्या सुट्टीला दहा दिवस उरले होते. माझा आठ वर्षांचा भाचा सायकलसकट उतारावरून खाली आला आणि मांडीचं हाड मोडून बसला. ऑपरेशन झालं. हाडात दोन लवचीक टायटॅनियमच्या सळया घातल्या. चार दिवस दवाखान्यात काढायचे, मग घरी, आणि डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. आमच्या बाबतीत ते सहा आठवडे झाले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. कुणी रिमोटची गाडी आणली, कुणी पाचशे तुकड्यांचं जिगसॉ, कुणी फुगे, दोघांनी चॉकलेटचे डबे. गाडी चालवायची तर जमीन दिसायला हवी, आणि तो उताणा पडलेला. जिगसॉ मांडायला जागा नव्हती. फुगे वॉर्डच्या सिस्टरांनी दारातूनच परत पाठवले. मळमळत होतं, त्यामुळे चॉकलेटचे डबे त्याच्या बाबांनीच संपवले. चार दिवसांत तो खरा रमला तो चिकटपट्टीच्या संपलेल्या रिळात. ती पुठ्ठ्याची कडी बोटात घालून फिरवायची, उशीवर उभी करायची, छातीवरून घरंगळत सोडायची.

तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली: अशा मुलाला वस्तू वय बघून न्यायची नसते, अंथरूण बघून न्यायची असते. तो कसा पडलाय, कुठला हात मोकळा आहे आणि सलग किती मिनिटं जागा राहतो, एवढं कळलं की निम्मी खरेदी आपोआप बाद होते.

निघण्याआधी एक फोन

मुलाजवळ जो बसलाय त्याला विचारा: सलाईन कुठल्या हाताला आहे? उठून बसायची परवानगी आहे का, की पलंगाचं डोकं थोडं वर करून नुसतं रेलायचं? तोंडाने काय चालतं? आणि वॉर्डात काय नेऊ देत नाहीत? बऱ्याच ठिकाणी फुलं आणि रबरी फुगे चालत नाहीत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकतो, शिवाय काही मुलांना त्या रबराची ॲलर्जी असते. मऊ खेळणं न्यायचं तर नवं किंवा धुतलेलंच न्या.

ऑपरेशन ठरवून होणार असेल तर आईबाबांनी एक गोष्ट आधीच करावी. सुई लावायच्या वेळी सिस्टरांना सांगावं, "हा उजव्या हाताने लिहितो, जमलं तर डावीकडे लावा." शीर सापडेल तिथेच सुई जाणार, हे खरं. पण दोन्ही हातांना सारखी असेल तर त्या ऐकतात. आमच्याकडे हे कुणाला सुचलं नाही. उजव्या हाताला फळी बांधून सुई बसली आणि मी नेलेले खडू तीन दिवस पिशवीतच राहिले.

पहिले दोन दिवस: फक्त कानांचं काम

भुलीची गुंगी, दुखण्यावरची औषधं, मधूनच उलटी. या काळात हाताला काही देऊ नका. पुस्तक किंवा मोबाईल डोळ्यांसमोर धरला की काही मुलांची मळमळ वाढते. कान मात्र जागे असतात.

आम्हाला सगळ्यांत उपयोगी पडलं ते आजीचं रेकॉर्डिंग. गावाहून ती लगेच येऊ शकत नव्हती. फोनवर पाच-पाच मिनिटांच्या गोष्टी सांगून तिने पाठवल्या. नवीन काही नाही, त्याला पाठ असलेल्याच. हे महत्त्वाचं, कारण मध्येच झोप लागली तरी काही हरवत नाही. नवी गोष्ट असेल तर पोरगं शेवट ऐकायला झोपेशी झगडतं. आवाज बारीक, फोन उशीशी. हेडफोन नकोत, सिस्टरांची हाक ऐकू यायला हवी.

या दोन दिवसांत द्यायची भेट म्हणजे घरची वस्तू: त्याची रोजची उशी, गोधडी, छोटी टॉर्च. टॉर्चला मी हसत होते, पण रात्री वॉर्डातले दिवे मंद झाले की छतावर बोटांच्या सावल्यांचा ससा आणि कुत्रा करायला तीच कामी आली. एका हाताने टॉर्च मी धरायची, मोकळ्या डाव्या हाताने सावली त्याने करायची. शेजारच्या खाटेवर कुणी झोपलं असेल तर उजेड आपल्याच भिंतीवर ठेवा. टॉर्च जाड पेन्सिल सेलची घ्या. बटणासारखे चपटे सेल असलेलं काहीही लहान मुलांच्या आसपास नको. गिळला गेला तर तो सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो. बारीक जोरदार लोहचुंबक आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी हेही गिळले गेले तर घातकच, तेही नकोत. आजारी मूल मोठं असलं तरी खाटेवर धाकटं भावंड चढतंच.

अंथरुणाची व्यवस्था आधी, खेळ मग

पडल्यापडल्या खेळताना खरा वैताग वस्तू खाली पडण्याचा असतो. पेन्सिल गडगडली की मूल स्वतः उचलू शकत नाही, दर वेळी "आई" म्हणावं लागतं. पाचव्यांदा हाक मारायची वेळ आली की ते खेळच सोडून देतं, आणि आपण म्हणतो, याचं लक्षच लागत नाही.

म्हणून पहिल्यांदा एक पाट तयार करा. परीक्षेला नेतात तो चिमट्याचा पॅड घ्या. त्याच्या चिमट्याला हातभर सुतळी बांधून दुसऱ्या टोकाला पेन्सिल अडकवा. खडू आणि सोंगट्यांसाठी काठ असलेला ट्रे हवा, चहाचा चालतो. स्टीलच्या ट्रेवर लोहचुंबकाची अक्षरं लावायचा विचार असेल तर घरूनच फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. स्वयंपाकघरातल्या पुष्कळशा स्टीलला चुंबक चिकटत नाही. मी न बघता नेला आणि अक्षरं सगळी पांघरुणात. पत्र्याच्या डब्याचं झाकण मात्र हमखास धरतं.

खाटेच्या कठड्याला एक जुना अभ्रा बांधा आणि त्याला दोन खिसे शिवा. त्याच्या हाताला येतील अशा चारच वस्तू त्यात ठेवा. सगळं एकदम समोर पसरलं की तो कशालाच हात लावत नाही.

पायाला प्लास्टर किंवा पट्टा असेल तर मणी, डाळी, क्लेचे तुकडे, पेन्सिलीच्या साली नकोतच. आत सरकलेला बारीक तुकडा त्वचेला घासतो आणि त्याचा पत्ता जखम झाल्यावर लागतो. प्लास्टरच्या आत खाज सुटते म्हणून पट्टी किंवा पेन्सिल घालायची सवय लागते, तीही तोडा. खेळाच्या ट्रेवर लांब, बारीक काही ठेवलंच नाही तर निम्मं काम होतं.

रोजची एक पुडी

तिसऱ्या दिवशी मी दहा पुड्या केल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर नुसते आकडे. रोज दुपारी चार वाजता एक उघडायची. चारच का, तर दवाखान्यात सकाळ डॉक्टरांच्या फेरीत, ड्रेसिंगमध्ये जाते, संध्याकाळी माणसं येतात. दुपारचे तीन ते पाच हेच खायला उठतात. त्या वेळी त्याच्या औषधालाही पाऊण तास होऊन गेलेला असे, म्हणजे दुखणं कमी. डोस आणि खेळ यांची अशी सांगड घालता आली तर घाला.

सगळ्या पुड्या मिळून पाचशे रुपयांच्या आत बसल्या. एकीत पत्त्यांचा कॅट, एकीत कागदी भिरभिरं, एकीत रंगीत चौकोनी कागद आणि नाव कशी करायची याची माझ्या हातची चित्रं. एकीत रिकामी वही आणि शिक्का, एकीत "राजा, राणी, चोर, शिपाई"च्या तयार चिठ्ठ्या. एकीत बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचा अंक होता. हे मासिक १९७१ पासून निघतंय, गोष्टी छोट्या असतात आणि एका बैठकीत संपतात, म्हणून अशा वेळी सोयीचं. सहाव्या पुडीत काही नव्हतं, फक्त चिठ्ठी: "आज रात्री मावशी तुझ्याशेजारी झोपणार." ती त्याने अजून ठेवलीय.

पत्त्यांची एक अडचण आहे. एका हाताने सात पत्ते पंख्यासारखे धरता येत नाहीत. कपडे धुवायचा नवा ब्रश उलटा ठेवा आणि दातांच्या ओळींमध्ये पत्ते खोचा. झकास उभे राहतात. बदाम सात, भिकार-सावकार, झब्बू, सगळं त्यावर खेळता येतं. भिकार-सावकार सुरुवातीला सगळ्यांत बरं, कारण त्यात डोकं लागत नाही आणि हरणं नशिबावर ढकलता येतं. पाच-तीन-दोनला हात मोजावे लागतात, ते दुसऱ्या आठवड्यापर्यंत राहू द्या.

भिरभिऱ्याचं कारण वेगळं होतं. भुलीनंतर आणि पडून राहिल्यावर खोल श्वास घ्यायला सांगतात. काही ठिकाणी तीन गोळ्यांचं फुंकायचं-ओढायचं यंत्र देतात. मूल त्याला दोन दिवसांत कंटाळतं. भिरभिरं मात्र न सांगता दहा वेळा फुंकतं. साबणाचे फुगे त्याहून आवडतात, पण वॉर्डच्या फरशीवर साबण सांडला तर पुढच्या खाटेवर पडणारे आपणच.

डॉक्टर-डॉक्टर

सुया टोचून घेतलेल्या मुलाला याची भूक असते, हे मी त्याआधी नुसतं ऐकलं होतं. औषधांच्या दुकानातून एक बँडेजचा रोल, कापसाची छोटी गुंडाळी, मास्क आणि सुई नसलेली नवी सिरिंज आणली. वॉर्डातलं वापरलेलं काहीही घ्यायचं नाही. सोबत घरचं जुनं अस्वल.

त्याने अस्वलाच्या डाव्या पायावर बँडेज बांधलं. मोडला होता उजवा. मी दुरुस्त करायला गेले तर म्हणाला, "त्याचा दुसराय." मग सिरिंजने पाणी "टोचलं" आणि अस्वलाला दरडावलं, "रडायचं नाही, मुंगी चावल्यासारखं होतं." थोडा वेळ थांबून हळूच, "खोटं बोलतात ते. जास्त लागतं." दोन दिवस सुई लावताना तो शहाण्यासारखा गप्प होता, म्हणून आम्ही त्याचं कौतुक करत होतो.

या खेळात मोठ्यांनी पेशंटचे नातेवाईक व्हायचं, डॉक्टर नाही. प्रश्न विचारायचे, "आता काय करणार डॉक्टर? याला कुठे दुखतंय?" त्याला शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. जे ऐकू येईल ते सिस्टरांना सांगायचं. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगआधी सिस्टरांनी अस्वलाचं ड्रेसिंग पहिल्यांदा केलं आणि मग याचं. रडला, पण पाय हलवला नाही.

कधी थांबायचं

आठ वर्षांचं मूल पहिल्या आठवड्यात सलग दहा-पंधरा मिनिटांच्या वर टिकलं तर खूप झालं. थकवा ते सांगत नाही, नियमांवरून भांडतं. "तू चीटिंग केलीस" हे तिसऱ्यांदा आलं की डाव मोडा. डोळे चोळणं, एका शब्दात उत्तरं, हात पायाकडे जाणं, ही त्याचीच रूपं. आपल्या वयापेक्षा लहान मुलांचे खेळ मागितले तर हसू नका. दुखण्यात मुलं वर्ष-दोन वर्षं मागे जातात आणि परत येतात. माझा भाचा तीन दिवस बालवाडीतली चित्रं रंगवत होता.

पण खेळ हे दुखण्यावरचं औषध नाही, हे घरच्यांच्या डोक्यात पक्कं हवं. सगळ्यांत आवडती गोष्ट समोर धरूनही मूल तोंड फिरवत असेल तर नवं खेळणं शोधू नका, डोसची वेळ बघा. ०ते १० च्या चेहऱ्यांची पट्टी वॉर्डात असते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. ती त्याच्या हातात द्या आणि बोट ठेवायला सांगा. आणि औषध देऊनही दुखणं वाढत चाललं, पायाची बोटं गार पडली, निळसर-पांढरी झाली, मुंग्या आल्या किंवा बोटं हलेनात, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर रमवत बसू नका. दवाखान्यात असाल तर सिस्टरांना हाक मारा, घरी असाल तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

ऑपरेशन दुसरं असेल तर हिशेब बदलतो. टॉन्सिल काढलेल्या मुलाला बोलणंच नको असतं, तिथे भेंड्या कामाच्या नाहीत, पत्ते आणि फुली-गोळा बरे. अपेंडिक्सच्या टाक्यांवर हसू आलं तरी ओढ बसते, विनोदाचं पुस्तक आठवडाभर लांबवा. त्याला सगळ्यांत चांगली भेट म्हणजे घट्ट छोटी उशी, खोकताना पोटाशी धरायला. डोळ्याचं, कानाचं किंवा नाकाचं ऑपरेशन असेल तर फुंकायचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घरी: मधला लांबलचक काळ

घरी आल्यावर पाहुणे आटतात, पुड्या संपतात, दुखणंही कमी होतं. आणि मग मुलं खरी वैतागतात. दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात त्याला वस्तूंची नाही, कामाची गरज असते.

खाट खिडकीशी सरकवा. आम्ही शिक्क्याच्या वहीत रकाने आखले: साळुंकी, कावळा, चिमणी, खार, शेजारचं मांजर. दिसलं की शिक्का. चार दिवसांत त्यानेच शोध लावला की खार दुपारी दोन ते चार दिसत नाही. बशीत ओला कापूस ठेवून मेथीदाणे पेरले. दोन-तीन दिवसांत मोड, आठवड्यात हिरवी पानं. पाणी घालायचं काम त्याचं, पळीने. मटार सोलणंही त्याच्याकडे आलं, आणि रोज किती शेंगांत किती दाणे याचा हिशेब तो आम्हाला जेवताना ऐकवायचा.

मोबाईलबद्दल मला सोवळं नाही. ड्रेसिंगच्या वेळी कार्टून लावलं तर बिघडत नाही. पण दिवसभर लावला तर रात्री झोप येत नाही, दिवसभर हालचाल नसल्याने ती आधीच विरळ असते. शाळेतल्या दोस्तांचा व्हिडिओ कॉल दहा मिनिटांचा ठेवा. मैदानातून केलेला कॉल नको, त्यानंतर आमच्याकडे संध्याकाळभर रडारड झाली.

त्याची खरी तगमग किल्ल्याची होती. बिल्डिंगच्या पोरांनी खाली माती आणली होती. म्हणून त्याच्याकडे आकाशकंदील सोपवला, तोही अख्खा नाही, तीन दिवसांत वाटून. पहिल्या दिवशी साधारण २०बाय ३० सेंटिमीटरचा रंगीत कार्डपेपर लांबीत मधोमध दुमडायचा आणि उघड्या कडेपासून तीन सेंटिमीटर आत एक रेघ मारायची. घडीच्या बाजूपासून त्या रेघेपर्यंत दोन-दोन सेंटिमीटरवर उभ्या रेघा. बस, एवढंच, पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी गोल टोकाच्या कात्रीने घडीकडून कापायचं आणि आडव्या रेघेवर थांबायचं. कात्री फक्त पाठीला लोड लावून बसल्यावर, शेजारी कुणीतरी असताना. रेलून कापलं की कात्री छातीकडे येते. तिसऱ्या दिवशी घडी उलगडून कागद गोल वळवायचा, आखूड कडा एकमेकींवर डिंकाने चिकटवायच्या, खाली पतंगी कागदाच्या झिरमिळ्या आणि वर दोरा. आत साधी एलईडी माळ, पणती नाही.

एक कंदील झाल्यावर त्याने अकरा केले. खालच्या किल्ल्यावर टांगायला धाकटी बहीण एकेक घेऊन जायची आणि परत येऊन सांगायची, कुठे लावला. तिलाही तेवढ्यात काम मिळालं. तोवर "दादालाच सगळं मिळतं" म्हणून ती रुसून होती.

फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम मात्र तो टाळायचा: पाऊल वर, पाऊल खाली, दिवसातून अनेक वेळा. मग मोज्याच्या तळव्यावर स्केच पेनने एक मिश्यावाला हवालदार काढला. पाऊल वर आलं की हवालदार सलाम करायचा. घरात येणाऱ्या प्रत्येकाला दहा सलाम, असा नियम झाला. दूधवाल्यालाही.

सहाव्या आठवड्यात एक्स-रे बघून डॉक्टरांनी वॉकर घ्यायला आणि सांगतील तेवढंच वजन टाकायला परवानगी दिली. त्या दिवशी मी अकरावी पुडी नेली. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, म्हणून पुढच्या दांडीला बांधायची कापडी पिशवी होती. तिच्यात एक वही, एक रुमाल, एवढंच ठेवायचं, जड काही घातलं की वॉकर पुढे कलतो. पिशवीच्या तळाशी त्याच्या मोडक्या सायकलची घंटी होती, पुसून, तेल घालून. बाबांनी ती उजव्या मुठीशी घट्ट बसवली. स्वयंपाकघरापर्यंत जायला त्याला चार मिनिटं लागली, आणि चारही मिनिटं घंटी वाजत होती.